शनिवारच्या आधीची रेष

आमचे सर, महादेवराव भोयर, वर्गात कधी हसले असतील तर ते सुट्टीच्या दिवशी. वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी. फायनलला संख्याशास्त्र घेतलेली आम्ही नऊ पोरं-पोरी होतो. दोन हजार सालच्या एप्रिलात, रिग्रेशनच्या पेपरला बरोबर आठवडा उरला असताना, त्यांनी आम्हाला स्टाफरूमच्या दाराशी उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात एक सायक्लोस्टाइल कागद दिला. वर लिहिलं होतं: सात दिवसांची उजळणी. खाली सात ओळी.

सोमवारी सरासरी, विचरण, सहविचरण. मंगळवारी टिंबांचा आलेख आणि लघुतम वर्गांची रेष. बुधवारी सहसंबंध आणि r चा वर्ग. गुरुवारी गृहीतकं आणि अवशेष. शुक्रवारी प्रमाण त्रुटी. शनिवारी टी-टेस्ट आणि विश्वास-अंतराल. रविवारी भाकीत, भाकिताची मर्यादा आणि मग जुने पेपर.

"क्रम मोडायचा नाही," सर म्हणाले. "पाया नसताना अनुमानाकडे उडी मारणारे दरवर्षी तोंडावर पडतात. आणि पुस्तकातली उदाहरणं सोडवू नका. ती तुम्हाला पाठ आहेत. स्वतःचे आकडे घ्या, सहा-सात पुरे, आणि तेच आकडे सातही दिवस वापरा. रविवारपर्यंत ते आकडे तुमच्या ओळखीचे झाले पाहिजेत."

ही सरांची जुनीच पद्धत होती. आधीच्या बॅचच्या पोरांनी एस.टी.चा उशीर मोजला होता, कोणी शेजारच्याच्या म्हशीचं दूध. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या हर्षानं कापूस बाजारातले भाव घेतले. तिचे वडील रोहण्याचे, ते तिला पत्रात पिकापाण्याबरोबर भावही लिहीत. मी आईचे आकडे घेतले.

आईची गोष्ट अशी होती. समुद्रपूरला आमचं किराण्याचं दुकान. आई, सुलोचनाबाई, दुकानाच्या मागच्या घरात राबून राबून बारीक झालेली, आणि त्या हिवाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी किडनीचं निदान केलं, गोळ्या लावल्या आणि दर दुसऱ्या गुरुवारी हिंगणघाटच्या लॅबमध्ये रक्त तपासायला सांगितलं. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो, तो चांगल्या किडनीत एकाच्या आसपास, आणि किडनी थकली की वाढतो. आईचे तीन फेब्रुवारीपासूनचे सहा आकडे माझ्या वहीच्या मागच्या पानावर होते: ३.१, ३.४, २.६, ३.०, २.४, २.६. बाबा दर वेळी दुकानातून फोन करून सांगत आणि मी लिहून घेई. लिहून घेण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं, त्याचा मला राग होता.

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी आता चिठ्ठी दिली होती नागपूरच्या किडनीवाल्या डॉक्टरची. ते गुरुवारीच बाहेरचे पेशंट बघत. वीस तारखेचा नंबर लागला होता. आई जायला तयार नव्हती. आमच्या गल्लीतले किसनराव मागच्या वर्षी असेच नागपूरला गेले आणि चादरीत परत आले, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. किसनरावांना काय झालं होतं ते तिला विचारायची सोय नव्हती. नागपूर म्हटलं की चादर, एवढंच तिचं संख्याशास्त्र.

सोमवारी मी सहा आकड्यांची सरासरी काढली, २.८५. आठवडे शून्य, दोन, चार असे दहापर्यंत, त्यांची सरासरी पाच. विचरण, सहविचरण, सगळं नीट जमलं. सहविचरण उणे आलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. उणे म्हणजे आठवडे पुढे सरकतात तसा आकडा खाली येतो.

मंगळवारी मी चौकटीचा आलेख कागद घेतला. आडव्या अक्षावर आठवडे, शून्यापासून अठ्ठावीसपर्यंत. उभ्या अक्षावर शून्यापासून चारपर्यंत, कारण चारच्या वर जाणारं माझ्याजवळ काही नव्हतं. सहा टिंबं घातली. मग रेष काढली. उतार आला उणे ०.०७३, म्हणजे दर आठवड्याला आईचा आकडा सात शतांशांनी उतरत होता. रेष सरासरीच्या टिंबातून गेली, जशी ती जायलाच हवी. मी पट्टी लावली आणि ती रेष दहाव्या आठवड्यावर थांबवली नाही. तशीच पुढे ओढली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती १.२ ला टेकली. कॅलेंडर काढून बघितलं तर तो आठवडा राखीचा होता.

खरं सांगते, मी रडले. तीन वर्षं ज्या विषयानं माझं डोकं खाल्लं त्यानं पहिल्यांदा मला काहीतरी दिलं होतं. मी तो कागद माझ्या पलंगाच्या वर भिंतीला चिकटवला.

हर्षा बघत होती. म्हणाली, "सहाच तर टिंब आहे वं. आन् तू अठ्ठावीसपर्यंत काऊन ओढली?"

"तुले कापसाचे भाव वरखाली होताना दिसते म्हणून सगळं तसंच असते का?"

"तसं नाई. पन शनिवारी टी-टेस्ट आहे ना. तवा समजीनच."

"तुझं तू पाय," मी म्हटलं. ती आपल्या वहीकडे वळली. हर्षा भांडणारी पोरगी नव्हती, आणि त्या वेळी मला ते सोयीचंच वाटलं.

बुधवारी दुपारी मी सहसंबंध काढला. उणे ०.७२. वर्ग केला, ०.५२. म्हणजे आकड्यांतल्या चढउताराचा अर्ध्याहून जास्त हिस्सा त्या रेषेनं समजावून सांगितला होता. अर्ध्याहून जास्त! मी स्वतःवर खूश होते आणि क्रमही मोडला नव्हता.

संध्याकाळी बाबा आणि आई आले. समुद्रपूरहून एस.टी.नं वर्धा, रात्री माझ्या खोलीवर मुक्काम, आणि सकाळच्या गाडीनं नागपूर, असा बेत होता. आई पायऱ्या चढताना दोनदा थांबली. घरमालकीण यशोदाबाईंनी तिला माठातलं पाणी दिलं आणि डॉक्टरनं पाणी मोजून प्यायला सांगितलंय म्हणून आई ते अर्धंच प्याली. बाबांनी, वासुदेवरावांनी, पिशवीतून भाकरी आणि झुणका काढला. ते दुकानात बसतात तसेच मांडी घालून बसले आणि घामानं भिजलेली टोपी गुडघ्यावर ठेवली.

आई पलंगावर टेकली आणि तिला भिंतीवरचा कागद दिसला.

"हे काय वं मयुरी?"

मी सांगितलं. कोणी विचारलं नसतं तरी सांगितलंच असतं. हे टिंब पहिल्या तपासणीचं, हे दुसऱ्या. ही रेष त्या सगळ्यांच्या सर्वांत जवळून जाणारी, याच्याहून जवळची दुसरी काढताच येत नाही. आणि ही अशी खाली येऊन राह्यली, पाय, राखीले इथं.

आईनं त्या रेषेवरून बोट फिरवलं. तिला लिहिता-वाचता यायचं ते देवाच्या पोथीपुरतं, पण खाली येणारी रेष कोणालाही कळते.

"म्हणजे मी नीट होऊन राह्यली?"

"हो आई. हिशेब तसाच निघते."

"पाहा," आई बाबांकडे वळली. "तुमची पोरगी सांगून राह्यली. तुमी मले काऊन नागपूरले नेता? त्या नळ्या खुपसाले?"

बाबा टोपीशी खेळत राहिले. आमच्या घरात हिशेब म्हणजे शेवटचा शब्द. गिऱ्हाईकाशी वाद झाला की बाबा वही पुढे करत आणि गिऱ्हाईक गप्प होई. त्यांनी मला विचारलं, "पक्कं आहे हे?"

आता इथं माझा दोष आहे आणि तो मी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालणार नाही. मी म्हणू शकले असते की मला अजून पक्कं माहीत नाही, माझी उजळणी बुधवारपर्यंत आलेली आहे. दारात हर्षा उभी होती, तिच्या हातात तिचे कापसाचे भाव होते. ती माझ्याकडे बघत होती. मी आईकडे बघितलं. कित्येक महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर इतकी भूक दिसली नव्हती, जेवणाची नाही, ऐकण्याची.

"पक्कं आहे," मी म्हटलं. "बहात्तर टक्के सहसंबंध आहे."

सहसंबंध टक्क्यांत सांगत नाहीत. सरांनी ऐकलं असतं तर मला वर्गाबाहेर काढलं असतं.

गुरुवारी सकाळी नागपूरची गाडी स्टेशनातून निघाली तेव्हा आई-बाबा एस.टी. स्टँडवर समुद्रपूरच्या गाडीत बसलेले होते. आईनं खिडकीतून हात बाहेर काढला. "पेपर नीट लिवजो," ती म्हणाली.

गुरुवारी अवशेष. प्रत्येक टिंब रेषेपासून किती वर, किती खाली. पहिलं खाली, दुसरं वर, तिसरं खाली, चौथं वर, पाचवं खाली, सहावं वर. बेरीज शून्य, ती नेहमी शून्यच येते. पण दुसरं आणि तिसरं टिंब रेषेपासून बत्तीस-तेहतीस शतांशांनी दूर होतं, आणि माझी रेष आठवड्याला सात शतांश उतरत होती. म्हणजे चार-पाच आठवड्यांत जेवढा उतार, तेवढी एका तपासणीत नुसती हालचाल. मी ते बघितलं, लिहून ठेवलं आणि पुढं गेले. क्रम मोडायचा नव्हता.

शुक्रवारी प्रमाण त्रुटी. अवशेषांच्या वर्गांची बेरीज चारनं भागायची, सहानं नाही, कारण सहा आकड्यांतले दोन रेष काढण्यातच खर्ची पडतात. चारनं भागताना मी पहिल्यांदा टिंबं पुन्हा मोजली. इतक्या मोठ्या गोष्टीसाठी माझ्याजवळ चारच उरले होते. उताराची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो उतार किती डळमळीत आहे त्याचं माप, आली ०.०३५.

शनिवारी सकाळी मी उताराला त्रुटीनं भागलं. उणे २.०८. मग झेरॉक्स केलेला तक्ता काढला, चारच्या ओळीवर बोट ठेवलं, पाच टक्क्यांच्या रकान्यात गेले. २.७७६. उतार खरा म्हणायला आकडा त्याच्या बाहेर हवा, माझा आत होता. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग विश्वास-अंतराल काढला: उणे ०.१७ ते अधिक ०.०२. खरा उतार या दोन्हींच्या मधला कुठलाही असू शकत होता. त्यात शून्य होतं, म्हणजे आई आहे तशीच आहे असंही असू शकत होतं. आणि शून्याच्या पलीकडचंही होतं, म्हणजे आई हळूहळू वाईट होत आहे असंही.

मी वही घेऊन जिन्यानं खाली पळाले. यशोदाबाईंच्या फोनवरून दुकानात फोन लावला.

"बाबा, आईले आजच्या आज नागपूरले घेऊन जा."

"काऊन? काय झालं?"

"तो हिशेब पक्का नव्हता. सहाच आकडे होते. त्याच्यावरून नीट होते का नाई हे सांगता येत नाई."

"म्हणजे बिघडून राह्यली का?"

"तेही सांगता येत नाई."

दुकानात कोणीतरी साखर मागत होतं. बाबांनी त्याला थांब म्हटलं. "बुधवारी तूच म्हणे पक्कं आहे. आज तूच म्हणतं माहीत नाई. एक काही सांग ना बाई."

"माहीत नाई, हेच सांगून राह्यली बाबा."

"माहीत नाई म्हणून कोणी नागपूरले जाते का?" बाबा चिडले नव्हते, दमले होते. "कालपासून उलट्या करून राह्यली, उन्हाचं झालं तिले. आता डॉक्टर गुरुवारीच भेटते. तिचंच म्हणणं आहे का मयुरीचा पेपर होऊ द्या. तू पेपर दे आधी."

मी उलट्यांचं ऐकलं. हे मी रोज स्वतःला सांगते, म्हणून इथंही सांगते. मी ऐकलं आणि मलाही वाटलं, ऊन आहे, एप्रिल आहे, सगळ्यांनाच होतं. मी म्हटलं, "गुरुवार चुकवू नका," आणि फोन ठेवला.

रविवारी भाकीत. अठ्ठाविसाव्या आठवड्याचं भाकीत मी मर्यादेसकट काढलं. उणे १.२ ते अधिक ३.६. माणसाच्या रक्तात शून्याच्या खाली काही जात नाही. आलेखावर दहाव्या आठवड्यापुढची जी रेष मी मंगळवारी मोठ्या प्रेमानं ओढली होती तिची एवढीच किंमत होती. सरांच्या कागदावर रविवारच्या ओळीपुढे कंसात लिहिलेलंच होतं: आकडे जिथवर आहेत तिथवरच रेष. हे मी सोमवारी वाचलं होतं. वाचणं आणि त्या ओळीपर्यंत पोचणं यांत सहा दिवसांचं अंतर होतं.

सोमवारी पेपर दिला. पाचवा प्रश्न असा होता की सहा जोड्या दिल्या आहेत, उतार शून्य आहे या गृहीतकाची पाच टक्के पातळीवर चाचणी करा आणि निष्कर्ष लिहा. मी न थांबता सोडवला. शेवटी लिहिलं, गृहीतक नाकारता येत नाही, दिलेल्या आकड्यांवरून उतार आहे असं म्हणायला पुरेसा आधार नाही. खाली दोन रेघा ओढल्या. मला त्या पेपरात पन्नासपैकी सेहेचाळीस मिळाले, कॉलेजात पहिली.

गुरुवारी, सत्तावीस तारखेला, बाबांनी आईला जीपमध्ये घालून नागपूरला नेलं. मी वर्ध्याला रस्त्यावर उभी होते, तिथून त्यांच्या जीपमध्ये बसले. आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि तिच्या तोंडाला न धुतलेल्या भांड्यासारखा वास येत होता. दवाखान्यात तपासलं. क्रिएटिनिन ७.२. डॉक्टर म्हणाले, उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, आधीच थकलेल्या किडन्या त्यानं बसल्या. त्याच दिवशी गळ्यात नळी घालून तिचं रक्त मशीनमधून फिरवायला सुरुवात झाली. मग आठवड्यातून दोनदा. मे गेला, जून गेला. नऊ जुलैला आई गेली. चादरीत परत आली, तिनं म्हटलं होतं तशी. राखीला पाच आठवडे होते.

मी डॉक्टरांना एकदाच विचारलं, आठवडाभर आधी आणलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक खोटं बोलावं की नाही याचा विचार केला, आणि म्हणाले, सांगता येत नाही.

तेरवीनंतर मी वर्ध्याची खोली सोडायला आले. कागद भिंतीवर तसाच होता. मी पेन्सिल घेतली आणि सातवं टिंब घालायला गेले. बारावा आठवडा, ७.२. माझा उभा अक्ष चारवर संपत होता. ते टिंब कागदाबाहेर, भिंतीवर पडलं, वीतभर वर. मग मी सात टिंबांची रेष मांडली. उतार आला अधिक ०.१९. एका टिंबानं रेष उलटी फिरली होती, आता ती वर चालली होती. हर्षा सामान बांधता बांधता थांबली. मग पुन्हा दोरी आवळायला लागली. तिनं तेव्हा तरी मला शिव्या द्यायला हव्या होत्या असं मला वाटतं.

पुढं मी एम.एस्सी. केलं आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सर निवृत्त व्हायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, सर, तुमच्या कागदाचा क्रम बदला, शनिवार आधी घ्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मयुरी, रेषच काढता येत नसेल तर रेषेची त्रुटी कशाची शिकवू? क्रम हाच आहे. दुसरा नाही."

ते बरोबर होते. म्हणून तर राग कोणावर काढावा हे मला आजही कळत नाही. शनिवारचं गणित मला बुधवारी येत असतं तरी त्यानं ७.२ सांगितलं नसतं. त्या सहा आकड्यांमधून ७.२ कोणत्याच हिशेबानं निघत नाही. शनिवारनं मला एवढंच सांगितलं असतं की माहीत नाही. आणि आम्हाला माहीत नाही, एवढं जरी त्या रात्री त्या खोलीत कोणी म्हटलं असतं, तरी सकाळच्या नागपूरच्या गाडीत आई बसली असती. माणसं माहीत नाही म्हणूनच तर डॉक्टरकडे जातात. हे बाबांना मी फोनवर सांगायला हवं होतं.

आता दर एप्रिलात मीच पोरांना तो कागद देते. सात ओळी, सोमवार ते रविवार, सरांच्याच क्रमानं. फक्त मंगळवारच्या ओळीखाली मी एक ओळ वाढवली आहे. पोरं ती वाचून हसतात, त्यांना वाटतं मॅडम गंमत करतात. ती ओळ अशी आहे: ही रेष शनिवारपर्यंत घरी कोणाला दाखवू नये.